सळईची यील्ड ८ एमपीए?! यूटीएमचा ग्राफ वाचायला मदत हवी

सातारी_अनुजा

नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्नलसाठी १२ मिमीची फे ५०० डी सळई यूटीएमवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशीनवर, ओढून तोडली. मशीनने लोड आणि क्रॉसहेड, म्हणजे जबडा ओढणारा आडवा भाग, किती सरकलं यांची एक्सेल फाइल दिली, ग्राफ आपला आपण काढायचा.

तुकडा ६०० मिमी, वजन ५२५ ग्रॅम. सळईला कंगोरे असल्यामुळे व्हर्नियर न लावता वजनावरूनच क्षेत्रफळ काढायचं असतं, ते १११.५ चौ. मिमी आलं. जबड्यांमधली मोकळी लांबी ३०० मिमी. लोडला क्षेत्रफळाने भागलं की स्ट्रेस, सरकण्याला ३०० ने भागलं की स्ट्रेन. इथवर सगळं सुरळीत.

आता गोंधळ. पुस्तकात ग्राफ शून्यापासून ताठ वर जातो, मग एक टोक येतं, थोडा सपाट भाग आणि पुढे डोंगर. माझा ग्राफ सुरुवातीला दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखा लोंबतो. साधारण १० किलोन्यूटननंतर सरळ होतो आणि ५६ च्या आसपास हळूच वाकतो. टोक नाही, सपाट भाग नाही, मग यील्ड, म्हणजे सळई कायमची लांबायला लागते तो स्ट्रेस, कुठे धरायची? सर म्हणाले, "मग ०.२ टक्क्यांची समांतर रेषा मार." मी ०.००२ पासून २ लाख एमपीए उताराची रेषा मारली, कारण स्टीलचा ई, म्हणजे स्ट्रेस भागिले स्ट्रेन, तेवढाच असतो. ती ग्राफला ८ एमपीएवर छेदते!

५०० च्या जागी ८. सर मिड-टर्मच्या गडबडीत आहेत. कुणी सांगेल का, मी कुठे चुकले?

---

स्ट्रक्चरवाला

सोपं आहे. सुरुवातीचं लोंबणं हा सळईचा गुण नाही, जबडे पकड घेत असतात त्याचा तो भाग. सरळ रेषा मागे वाढव, ती आडव्या अक्षाला जिथे छेदेल तिथे नवीन शून्य धर. मग ०.००२ तिथून मोज आणि रेषा मार. उत्तर बरोबर येईल, लिहून ठेव.

---

साईटवरचा_बाळू

माझापण सेम प्रॉब्लेम. ५०० डी चं मटेरियल घेतलं, टेस्ट रिपोर्टला यील्ड ५९०, अल्टिमेट म्हणजे सर्वात जास्त स्ट्रेस ६३८. दोन्ही ५०० च्या कितीतरी वर, तरी कन्सल्टंट म्हणतो नापास, गाडी परत पाठवा. जास्त मजबूत असलेलं लोखंड नापास कसं? सळई घ्यायला आता काय मुहूर्त काढायचा का?

---

सातारी_अनुजा

@स्ट्रक्चरवाला दादा, केलं. सरळ भाग मागे वाढवल्यावर ०.००४ ला छेदतो, म्हणजे १.२ मिमी नुसतं पकड घेण्यात गेलं. शून्य तिकडे सरकवलं आणि पुन्हा २ लाखाची रेषा मारली. आता ६६ एमपीए येतं. आठपेक्षा बरं, पण जर्नलमध्ये हे लिहिलं तर वर्गाबाहेर उभं करतील.

---

स्ट्रक्चरवाला

मग तुझ्या एक्सेलमध्ये युनिटचा घोळ आहे. लोड सेलचं कॅलिब्रेशनही बघून घे.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

युनिटही बरोबर आहेत, लोड सेलही. दादांचं शून्य सरकवणं योग्य होतं, पण ते अर्धंच काम. अनुजा, एक आकडा सांग. लोड २० चा ४० किलोन्यूटन होईपर्यंत क्रॉसहेड किती सरकलं? फाइलमध्ये बघून सांग, अंदाजे नको.

---

सातारी_अनुजा

१.९० मिमी.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

आता हिशोब मांड. २० किलोन्यूटनचा फरक, भागिले १११.५, म्हणजे स्ट्रेस १७९ ने वाढला. स्टीलचा ई २ लाख धरला तर ३०० मिमी सळई तेवढ्यात ०.२७ मिमी लांबते. तुझं क्रॉसहेड सरकलं १.९०. मधले १.६३ मिमी गेले कुठे?

ते सळईत गेलेच नाहीत. पाचरीसारखे जबडे लोड वाढेल तसे आत सरकतात, त्यांचे दात कंगोऱ्यांत रुततात, मशीनचे खांब आणि स्क्रू स्वतः थोडे ताणले जातात. क्रॉसहेडला या सगळ्या साखळीची मिळून लांबी कळते. विहिरीवर दोर किती ताणला ते मोजायचं आणि त्यात रहाटाचे खांब किती वाकले तेही धरायचं, तसं झालं हे.

म्हणून तुझ्या ग्राफच्या सरळ भागाचा उतार २ लाख नसणार. काढून बघ, २८ हजारांच्या आसपास येईल. २८ हजारांच्या चढावर तू २ लाखांची रेषा मारलीस. ती जवळजवळ उभीच असल्याने चढाच्या पायथ्याशीच छेदणार. तिथे ६६ आलं यात नवल नाही. रेषा ग्राफच्या स्वतःच्या सरळ भागाला समांतर हवी. "समांतर" शब्द त्यासाठीच आहे.

---

सातारी_अनुजा

काका, २८,३०० आला!! पण मग माझ्या सळईचा ई २८ हजार असं लिहायचं का?

---

भोसरीचा_यूटीएमवाला

अजिबात नाही. या ग्राफवरून ई काढताच येत नाही. तो आकडा निम्म्याहून जास्त मशीनचा आहे. उद्या दुसऱ्या मशीनवर तीच सळई लावलीस तर दुसरा आकडा येईल. ई हवा असेल तर लांबणं मोजणारा एक्स्टेन्सोमीटर सळईवरच लावावा लागतो.

यील्ड मात्र या ग्राफवरूनही बऱ्यापैकी निघते. मशीनचं ताणणं लोडच्या प्रमाणात होतं, म्हणून ते सरळ भागाच्या उतारातच सामावलेलं असतं. समांतर रेषा मारली की ते आपोआप वजा होतं आणि मागे उरतं ते सळईचं कायमचं लांबणं. ०.२ टक्के म्हणजे ३०० मिमीवर ०.६ मिमी. सरळ रेषेपासून ग्राफ ज्या लोडला ०.६ मिमी उजवीकडे गेला तो तुझा प्रूफ लोड.

मात्र आधी सरळ भाग नक्की कुठून कुठवर ते ठरव, आणि ते डोळ्यांनी ठरवू नकोस. दहा-दहा किलोन्यूटनचे तुकडे पाडून प्रत्येकाचा उतार काढ:

```
=SLOPE(D41:D88,C41:C88)
```

डी रकान्यात स्ट्रेस, सी मध्ये स्ट्रेन. तुकडा वर सरकवत जा. उतार जिथवर टिकतो तिथवर तुझा इलॅस्टिक भाग. ग्राफ छोटा करून पाहिला तर कुठलाही वाकडा भाग सरळ दिसतो, मुलं तिथे हमखास फसतात.

---

फिजिक्सच्या_बाई

मी ज्युनियर कॉलेजला शिकवते, म्हणून एक शंका. सरळ भाग संपला म्हणजे इलॅस्टिक भाग संपला, हे एकच आहे का? आम्ही मुलांना प्रमाण-मर्यादा आणि स्थितिस्थापक मर्यादा असे दोन वेगळे बिंदू दाखवतो. फळ्यावर ते बोटभर अंतरावर असतात. आणि ०.२ च का? ०.१ किंवा ०.३ का नाही?

---

स्ट्रक्चरवाला

एकच आहे बाई. सरळ रेषा संपली की यील्ड. आकृतीतले ते पाच बिंदू परीक्षेपुरते.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

एकच नाही, पण स्टीलमध्ये इतके जवळ की आमच्या मशीनवर वेगळे दिसत नाहीत. रबर घ्या. त्याचा ग्राफ कुठेच धड सरळ नसतो, तरी सोडलं की ते मूळ लांबीवर येतं. म्हणजे सरळपणा ही एक गोष्ट आणि परत येणं ही दुसरी. खरी परीक्षा परत येण्याची. लोड चढवा, उतरवा, काटा मूळ जागी आला का बघा. एक्स्टेन्सोमीटर जितका बारीक वाचणारा, तितकी ती मर्यादा खाली खाली सापडत जाते. कुठल्या आकड्याला "परत आलं नाही" म्हणायचं यावर भांडण नको म्हणून ०.२ टक्के ठरवून घेतलेत. त्या आकड्याजवळ धातूत विशेष असं काही घडत नाही, तो निव्वळ करार आहे. काही धातूंना आणि काही कामांना ०.१ टक्काही वापरतात.

दादा, सरळ रेषा संपल्या संपल्या यील्ड म्हणालात तर अनुजाची सळई ५६ किलोन्यूटनला यील्ड झाली असं होईल, म्हणजे ५०२. थांबा, तिचा आकडा येऊ द्या.

---

सातारी_अनुजा

रात्री बसून केलं. उतार असे आले: २० ते ३० किलोन्यूटन २८,३००, ३० ते ४० ला २८,४००, ४० ते ५० ला २८,२००, आणि ५० ते ५६ ला २६,९००. म्हणजे ५० पर्यंत सरळ, जवळपास ४५० एमपीए. माझ्या डोळ्याला तो ५६ पर्यंत सरळच दिसत होता.

पुढे सरळ रेषेपासून ग्राफ किती उजवीकडे गेला ते काढलं. ५८ ला ०.१४ मिमी, ६० ला ०.४५, ६१ ला ०.८०. ०.६ मधे येतंय, ६०.४ किलोन्यूटनला. भागिले १११.५ केलं की ५४२ एमपीए.

आठवरून ५४२! काका, तुम्हाला साताऱ्याचे कंदी पेढे लागू.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

पेढे राहू देत, खात्री करून घे. ०.६ काढताना तुझं ०.१ मिमी चुकलं तर उत्तर किती बदलतं? ६० ते ६१ मध्ये १ किलोन्यूटनला ०.३५ मिमी जातात, म्हणजे ०.१ मिमीला ०.३ किलोन्यूटन, सुमारे अडीच एमपीए. वाकल्यानंतर ग्राफ आडवा होत जातो म्हणून छोटी चूक इथे खपून जाते. मात्र ऐन वाकणीत सळई जबड्यात घसरली असेल तर तेही कायमचं लांबणं म्हणून मोजलं जातं आणि यील्ड खरी असेल त्यापेक्षा कमी दिसते. तोडलेल्या तुकड्याची टोकं बघ. दातांचे ठसे स्वच्छ खड्ड्यांसारखे आहेत की ओरखडल्यासारखे लांबट?

आणि एक गोष्ट मला खटकतेय. सरळ सळईला अशी गोल वाकणी सहसा येत नाही, सपाट टप्पा दिसतो. तुकडा कुठून आणला होतास?

---

सातारी_अनुजा

ठसे स्वच्छ आहेत. तुकडा मामाच्या साईटवरून आणला. ट्रकमध्ये मावावं म्हणून बंडल मधून दुमडून येतं ना, यू आकारात. त्या वळणाजवळचा तुकडा मिळाला. तिथल्या मुलाने हातोडीने सरळ करून दिला.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

वाटलंच. वळवलेली आणि परत सरळ केलेली सळई आधीच एकदा यील्ड होऊन आलेली असते. बाहेरची बाजू ताणली गेली, आतली दाबली गेली, मग सरळ करताना उलट. आता ओढलीस की सगळी एकदम यील्ड होत नाही, काही भाग आधी, काही नंतर. म्हणून कोपरा गोल झाला असावा. बंडलच्या सरळ भागातला तुकडा आण आणि या वेळी एक्स्टेन्सोमीटर लाव.

---

साईटवरचा_बाळू

ओ काका, माझं राहिलं. ५९० आणि ६३८.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

बाळू, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तरी याच ग्राफवर येऊन टेकतो. सळयांच्या आयएस १७८६ या मानकात ५०० डी ला यील्ड ५०० च्या वर असणं पुरत नाही. अल्टिमेट यील्डच्या निदान १.१० पट हवी, म्हणजे यील्डनंतरही सळईत दम उरला पाहिजे. ६३८ भागिले ५९० म्हणजे १.०८. साध्या फे ५०० ला ते चाललं असतं, डी ला नाही. यील्ड जास्त आली म्हणूनच तुम्ही अडकलात.

पण ती ५९० काढली कशी ते लॅबला विचारा. सपाट टप्प्याच्या आधी कधी कधी एक छोटं टोक येतं. लॅबने टोक लिहिलं की टप्पा? समजा टप्पा ५७५ ला असेल, तर ६३८ भागिले ५७५ म्हणजे १.११, पास. पंधरा एमपीएमध्ये गाडी उभी राहते किंवा परत जाते. ग्राफ मागा.

---

साईटवरचा_बाळू

ग्राफ देत नाहीत म्हणे, नुसता आकड्यांचा कागद. परत फोन लावतो.

---

स्ट्रक्चरवाला

टोकच घ्यायचं असतं. वरची यील्ड म्हणतात तिला, मोजायला तीच स्वच्छ. टप्पा वरखाली होतो, त्यातला कुठला आकडा घेणार?

---

भोसरीचा_यूटीएमवाला

टोक लोड चढवण्याच्या वेगावर आणि सळई जबड्यात तिरकी बसली की नाही यावरही हलतं. मी टप्पा घेईन. तुमच्या बाजूचेही लोक आहेत, हे मान्य. कन्सल्टंटने आणि लॅबने टेस्टआधीच कुठलं ते ठरवायला हवं होतं, निकाल हातात आल्यावर सोयीचं निवडणं चुकीचं.

---

फिजिक्सच्या_बाई

हा टप्पा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो का हो? मी कधी मशीन पाहिलेलंच नाही.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

दिसतो बाई. मी लागलो तेव्हा आमच्याकडे मोठ्या तबकडीचं मशीन होतं. साध्या माइल्ड स्टीलची पट्टी लावली की काटा एका लयीत चढायचा आणि मधेच थबकायचा. पंप चालू, तेल जातंय, काटा मात्र जागच्या जागी थरथरतोय. त्याच वेळी पट्टीवरची काळी खपली तिरक्या रेघांनी तडकून खाली पडायला लागायची, खाली पांढरा कागद ठेवला तर काळी भुकटी जमायची. रेघा एका टोकाकडून सुरू होऊन पट्टीभर पसरेपर्यंत काटा हलत नसे. पसरून झाल्या की पुन्हा चढायला लागे. एकाच वेळी सगळी पट्टी यील्ड होत नाही, ते असं वणव्यासारखं पुढे सरकतं. पॉलिश केलेल्या नमुन्यावर आम्ही चुन्याचा हात मारायचो, मग तो तडकताना दिसायचा.

टीएमटी सळईवर कंगोऱ्यांमुळे रेघा इतक्या स्वच्छ दिसत नाहीत, खपली उडते एवढंच.

---

सातारी_अनुजा

सरळ भागातला तुकडा आणला! एक्स्टेन्सोमीटर कपाटात कुलपात होता, "तुटला तर पगारातून जाईल" म्हणून लॅब असिस्टंट दादा देत नव्हते. यील्ड होऊन गेली की काढून घेईन, तुटेपर्यंत ठेवणार नाही, असं वचन दिल्यावर मिळाला. ५० मिमी गेज लांबीचा आहे. एक धार कंगोऱ्यावर बसून डुगडुगत होती, फिरवून दोन कंगोऱ्यांमध्ये बसवली.

२० ते ४० किलोन्यूटनमध्ये तो ०.०४६ मिमी बोलला. १७९ भागिले ०.०००९२, म्हणजे १ लाख ९५ हजार. आला ई!! आणि ग्राफ शून्यापासून सरळ निघाला, साडी लोंबलीच नाही.

बाईंसाठी मुद्दाम एक केलं. ५० किलोन्यूटनपर्यंत नेऊन लोड सावकाश २ वर आणला. चढताना २ ला जो आकडा होता तोच उतरताना आला, एका मायक्रॉनच्या आत.

पुन्हा चढवलं आणि ६० च्या जवळ लोड अडकला. ५९.४ ते ५९.९ च्या मध्ये घुटमळत क्रॉसहेड जवळजवळ ४ मिमी गेलं. पुस्तकातला सपाट भाग, एकदाचा. एक्स्टेन्सोमीटर मात्र त्या वेळी काही क्षण गप्प होता आणि मग एकदम धावला. मला वाटलं बिघडला, पगार गेला.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

बिघडला नाही. वणवा आधी त्याच्या ५० मिमीच्या बाहेर चालला होता, मग आत शिरला. आता यील्ड किती लिहिणार?

---

सातारी_अनुजा

टप्प्याची सरासरी ५९.६ धरली. या तुकड्याचंही क्षेत्रफळ १११.५ च आलंय, म्हणजे ५३५. पहिल्या तुकड्याची ५४२.

---

स्ट्रक्चरवाला

हे जमत नाही. वळवून सरळ केलेली सळई कमकुवत व्हायला हवी, इथे तीच ७ ने जास्त भरतेय. म्हणजे वळणाची गोष्ट खोटी, पहिल्या वेळी जबडेच घसरले होते.

---

भोसरीचा_यूटीएमवाला

जबडे घसरले असते तर यील्ड कमी दिसली असती, जास्त नाही. पण शंका रास्त आहे. आधी यील्ड झालेल्या स्टीलमध्ये दोन्ही गोष्टी होतात. उलट दिशेला वाकवलेला भाग लवकर सुटतो आणि त्याच दिशेला ओढलेला भाग कडक होऊन उशिरा सुटतो. ०.२ टक्क्यांपर्यंत कोण जिंकतं हे वळण किती तीव्र होतं आणि तुकडा वळणाच्या किती जवळचा होता त्यावर आहे. आणि ७ म्हणजे सव्वा टक्का. एकाच बंडलमधल्या दोन सळयांतही एवढा फरक येतो. एकेका तुकड्यावरून मी कुणाच्याच बाजूने बोलणार नाही.

अनुजा, मामाकडे त्याच सळईचा वळणाचा आणि सरळ असा दोन्ही भाग मिळेल का? तीन-तीन तुकडे, एकाच सळईचे.

---

सातारी_अनुजा

मामा म्हणतो, एक अख्खी सळई घेऊन जा, फक्त परत येताना काटछाट भंगारवाल्याला घाल आणि पैसे मला आणून दे. मशीन गुरुवारी दुपारनंतर रिकामं आहे. सहा तुकडे, शक्य झालं तर सगळ्यांवर एक्स्टेन्सोमीटर. हातोडीने सरळ करायचं काम या वेळी मी स्वतः करणार, किती वाकला होता ते आधी मोजून.

---

साईटवरचा_बाळू

लॅबमधून ग्राफ आला शेवटी, व्हॉट्सॲपवर फोटो. काका, मला तर टोकही दिसत नाही आणि टप्पाही. अनुजाताईंच्या पहिल्या ग्राफसारखाच पोट लोंबलेला आहे. खाली "क्रॉसहेड" असं लिहिलंय. इथे टाकू का?

---

भोसरीचा_यूटीएमवाला

टाका. सोबत सळईचा व्यास, वजन आणि जबड्यांमधली लांबी. आणि तुमचं बंडल दुमडून आलं होतं का, तेही.